ग्रँट लेटर वाचताना आधी तारीख पाहा, मग आकडा

*नमस्कार ताई. मी पुण्यात बाणेरला एका अमेरिकी स्टार्टअपच्या शाखेत काम करतो आणि सप्टेंबरमध्ये एल-१ व्हिसावर कॅलिफोर्नियातील मुख्य कंपनीत जाणार आहे. ग्रँट लेटरमध्ये ९,६०० स्टॉक ऑप्शन, २ डॉलर स्ट्राइक प्राइस, चार वर्षांचे व्हेस्टिंग आणि एक वर्षाची क्लिफ आहे. एचआरच्या मते गेल्या फंडिंगमध्ये शेअर ८ डॉलरने गेला, म्हणजे माझे ७६,८०० डॉलर झाले. त्यापोटी पगार थोडा कमी घ्यावा का?*

नमस्कार. एचआरने केलेला गुणाकार दोन ठिकाणी चुकला आहे. ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे; ठरलेल्या किमतीला, म्हणजे स्ट्राइक प्राइसला, शेअर विकत घेण्याचा तो हक्क आहे, त्यामुळे प्रत्येक शेअरमागे तुमचे २ डॉलर आधी खर्च होतील. दुसरे असे की ८ डॉलर ही गुंतवणूकदारांनी घेतलेल्या प्रेफर्ड शेअरची किंमत आहे. तुम्हाला मिळणार ते कॉमन शेअर, आणि कंपनी विकली गेल्यास बहुधा गुंतवणूकदारांचे पैसे आधी चुकते होतात. अमेरिकेत स्ट्राइक प्राइस साधारणपणे ग्रँटच्या दिवशीच्या कॉमन शेअरच्या मूल्यांकनाइतकी ठेवतात. त्याला ४०९ए मूल्यांकन म्हणतात. म्हणजे कंपनीच्याच हिशेबाने कॉमन शेअर त्या दिवशी २ डॉलरचा होता आणि तुमचा फायदा शून्य होता. पुढे मूल्य वाढले तरच त्यात काही आहे. ज्याची आज किंमत शून्य आहे, त्याच्यासाठी मी तरी पगार सोडला नसता.

व्हेस्टिंग म्हणजे ऑप्शन टप्प्याटप्प्याने तुमच्या हक्काचे होणे, आणि क्लिफ म्हणजे पहिला टप्पा मिळण्याआधीचा थांबण्याचा काळ. आता पत्रातील ‘व्हेस्टिंग कमेन्समेंट डेट’, म्हणजे व्हेस्टिंग सुरू होण्याची तारीख, ही ओळ शोधा. ही तारीख १ सप्टेंबर असेल, तर पुढच्या वर्षीच्या १ सप्टेंबरला एकदम २,४०० ऑप्शन तुमचे होतील आणि त्यानंतर दर महिन्याला २००. त्याच्या आदल्या दिवशी नोकरी संपली, तर हाती एकही ऑप्शन राहत नाही, मग राजीनामा तुम्ही दिलेला असो वा त्यांनी काढून टाकलेले असो. माझ्या पहिल्या कंपनीत मी जानेवारीच्या सुरुवातीला रुजू झाले, पण संचालक मंडळाची मंजुरी मार्चअखेरीस झाली आणि पत्रात व्हेस्टिंगची सुरुवात म्हणून तीच तारीख पडली. पुढच्या फेब्रुवारीत कर्मचारीकपात झाली. तेरा महिने काम करूनही माझी क्लिफ ओलांडली गेली नव्हती. सही करताना मी फक्त ऑप्शनचा आकडा वाचला होता, आणि पेठेत वाढलेल्या, रिक्षाच्या मीटरवर नजर ठेवणाऱ्या मुलीला हे शोभले नाही. तुमच्या बाबतीत तर ही तारीख पुण्यातील रुजू होण्याची, बदलीची किंवा मंडळाच्या मंजुरीची, यांपैकी कोणतीही असू शकते. पुण्यातील सेवा धरली जात असेल तर क्लिफ कदाचित आधीच ओलांडलेली असेल. तेव्हा हे लेखी विचारून घ्या.

खरी अडचण नोकरी सोडताना येते. समजा, वीस महिन्यांनी नोकरी गेली. तोवर ४,००० ऑप्शन व्हेस्ट झालेले असतील. बहुतेक योजनांत ते वापरण्यासाठी ९० दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर ते बाद होतात. ते वापरायला ८,००० डॉलर लागतील. त्यावेळी कॉमन शेअरचे मूल्य ५ डॉलर झाले असेल, तर शेअरमागे ३ याप्रमाणे १२,००० डॉलरचा फरक पडेल. तुमचे ऑप्शन नॉन-क्वालिफाइड असतील, तर हा फरक पगाराप्रमाणे करपात्र ठरतो. एक तृतीयांश कर धरला तर आणखी ४,००० डॉलर. म्हणजे कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसताना, बाहेर सहजी विकता न येणाऱ्या शेअरसाठी खिशातून १२,००० डॉलर जातील. इन्सेंटिव्ह ऑप्शन, म्हणजे आयएसओ असतील, तर नेहमीचा प्राप्तिकर त्यावेळी लागत नाही, पण हाच फरक एएमटी या पर्यायी कराच्या हिशेबात धरला जातो. दोन्हींपैकी कोणता प्रकार आहे ते सहसा पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलेले असते.

नेमक्या याच काळात तुमच्या व्हिसाचेही दिवस मोजले जात असतील. एल-१ वर नोकरी संपल्यावर देशात राहण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, आणि त्या व्हिसावर दुसऱ्या कंपनीत थेट जाता येत नाही. घरभाडे, परतीची तिकिटे, सामान आणि हे १२,००० डॉलर, सगळे एकाच तिमाहीत. माझ्या ओळखीतील काहींनी व्हेस्ट झालेले ऑप्शन निव्वळ याच कारणाने सोडून दिले.

म्हणून सही करण्यापूर्वी एचआरला ईमेलने तीन गोष्टी विचारा: व्हेस्टिंगची सुरुवातीची तारीख कोणती, नोकरी संपल्यावरची ९० दिवसांची मुदत वाढवून मिळेल का, आणि फुली डायल्यूटेड, म्हणजे सगळ्यांचे ऑप्शनही शेअर झाले असे धरून, कंपनीचे एकूण शेअर किती. शेवटचा आकडा १ कोटी २० लाख निघाला, तर तुमचा वाटा ०.०८ टक्के होतो. तो आकडा द्यायला त्यांनी टाळाटाळ केली, तर पगारात एक डॉलरही कमी घेऊ नका.