पाच सामन्यांनंतरचा गुणतक्ता किती खरा मानायचा?

प्रश्न: फुटबॉल लीगमध्ये पाचच सामने झालेत आणि आमचा संघ 13 गुणांसह पहिला आहे. संघ खरंच इतका चांगला आहे का? किती सामन्यांनंतर कळेल?

उत्तर: चांगला असेल, पण तक्ता दाखवतो तितका बहुधा नाही. अगदी सरासरी संघ पाच सामन्यांत साधारण 7 गुण मिळवतो, आणि निव्वळ नशिबाने त्यात 3 गुणांचा फरक सहज पडतो. गोलखांबाला लागून बाहेर गेलेला एक चेंडू आत गेला असता, तर बरोबरीचा विजय होऊन 2 गुण वाढले असते.

प्रीमियर लीगसारख्या 38 सामन्यांच्या स्पर्धेत दहाएक सामने झाल्यावर नशीब आणि कुवत यांचा वाटा जवळपास सारखा होतो; त्याआधी नशिबाचा वाटा जास्त असतो. म्हणून अंदाज बांधताना मिळालेल्या गुणांत सरासरी संघाच्या दहा सामन्यांचे सुमारे 14 गुण मिळवा आणि एकूण 15 सामन्यांनी भागा: 27 भागिले 15, म्हणजे सामन्यामागे 1.8 गुण. उरलेल्या 33 सामन्यांत सुमारे 59, म्हणजे शेवटी 72 च्या आसपास. आजच्या वेगाने मोजलं तर 99 येतात!

प्रतिस्पर्धीही बघा. पाचपैकी चार सामने घरच्या मैदानावर तळाच्या संघांशी झाले असतील, तर हा अंदाजही खाली आणा. 19 सामन्यांनंतर प्रत्येकाशी एकेकदा गाठ पडलेली असते, तेव्हा तक्ता बराच विश्वासार्ह होतो. तरी दोन-तीन गुणांच्या फरकावरून कोण सरस हे शेवटीही ठरत नाही.