रीडिंग रिस्पॉन्समधला 'नंतर' शोध

"ताई, ऑगस्टमध्ये पर्यावरण धोरणाच्या मास्टर्ससाठी अमेरिकेला निघतेय. तिथे दर आठवड्याला सेमिनारआधी रीडिंग रिस्पॉन्स द्यावा लागतो आणि नुसता सारांश लिहिला की मार्क जातात, असं ऐकलं. मग लिहायचं तरी काय?"

माझा पहिला रिस्पॉन्स गॅरेट हार्डिनच्या 'द ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स'वर होता. १९६८ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला हा लेख तुलाही बहुधा वाचावा लागेलच, म्हणून त्याच्यावरूनच सांगते.

मर्यादा पाचशे शब्दांची. त्यातले चारशेहून जास्त मी लेखात काय आहे हे सांगण्यात घालवले. सगळ्यांना मोकळं असलेलं कुरण. प्रत्येक गुराखी एकेक जनावर वाढवतो, कारण फायदा त्याच्या एकट्याचा आणि नुकसान सगळ्यांत वाटलं जातं. शेवटी कुरण उजाड होतं. 'नंतर हार्डिन लोकसंख्येकडे वळतो' आणि मुलं किती हवीत हे ठरवायचं स्वातंत्र्य सोडावं लागेल असं म्हणतो. शेवटी एक ओळ माझी: भारतासारख्या देशात हे कितपत लागू पडेल, याचा विचार व्हायला हवा. प्राध्यापकांनी समासात लिहिलं, "लेख मी वाचलाय. तुला त्यात काय अडलं?"

मला वाईट वाटलं, कारण मेहनत खरी होती. आपल्याकडे उत्तरपत्रिकेत 'लेखक म्हणतो' लिहून वाचल्याचा पुरावा द्यायची सवय लागलेली असते. तिथे तू वाचलंयस हे गृहीत धरतात.

मी प्रिंट काढली आणि ज्या वाक्यांचा कर्ता हार्डिन होता ती पेन्सिलीने अधोरेखित केली. जवळजवळ पानभर रेघा. मग एका शब्दावर अडले: 'नंतर'. कुरणावरून मुलांवर तो गेला कसा? सारांशात मी ती उडी एका शब्दात लपवली होती. तुझ्या मसुद्यातही 'नंतर', 'पुढे', 'त्यानंतर तो वळतो' असे शब्द शोध. लेखकाने काहीतरी गृहीत धरलंय आणि आपण ते न बघता पुढे गेलोय, अशी जागा बहुतेक वेळा तिथेच सापडते.

लेखात परत गेले तर उडीची अट हार्डिनने स्वतःच दिलेली. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक कुटुंब फक्त स्वतःच्या साधनांवर जगत असतं आणि बेजबाबदार आईबापांची मुलं उपाशी मेली असती, तर जन्मांवर नियंत्रण ठेवायचं समाजाला कारणच नसतं. पण आपला समाज कल्याणकारी राज्याला बांधलेला आहे. म्हणजे खर्च सगळ्यांत वाटला जातो म्हणूनच मूल हे कुरणावरच्या जादा जनावरासारखं. मग जिथे मुलाचा भार बव्हंशी घरावरच पडतो, तिथे काय? माझ्या त्या पोकळ 'भारतात लागू पडेल का'ला इथे जागा मिळाली. १९६८ सालच्या आपल्या खेड्यातलं शेतमजुराचं घर मुलं वाढवायला सरकारच्या भरवशावर नव्हतं.

दुसऱ्या मसुद्याची सुरुवात मराठीत साधारण अशी होईल: "मुलांचा खर्च समाज उचलतो, या अटीवर हार्डिनचा युक्तिवाद कुरणावरून जन्मदराकडे जातो. ही अट जिथे पूर्ण होत नाही, तिथे त्याच्या हाती काय उरतं?" कुरणाचा सारांश दोन वाक्यांत आटोपला. एकेक वाक्य खोडून बघितलं. त्याच्याशिवाय माझा मुद्दा उभा राहत असेल तर ते गेलं. निम्म्याहून जास्त जागा त्या एका उताऱ्याला दिली, पानाच्या क्रमांकासह.

मग हार्डिनच्या बाजूने उत्तर द्यायचा प्रयत्न केला, आणि हा भाग टाळू नकोस. तो म्हणू शकतो की मुलाला कोणीही वाढवो, हवा-पाणी तर सगळ्यांचंच वापरलं जातं. प्रदूषणाचा मुद्दा त्याच्या लेखात आहेच. ते मी मान्य केलं. पण मग सामाईक गोष्ट हवा-पाणी ठरते, जन्म नव्हे, आणि नियम वापरावर का नको? हाच प्रश्न मी वर्गासाठी शेवटी ठेवला. त्या दिवशी पहिली वीस मिनिटं चर्चा त्याच्यावरच झाली.

एक फसवी वाट मात्र सांगते. 'सामाईक साधनं लोक स्वतःच नियम करून टिकवू शकतात हे दाखवून एलिनॉर ऑस्ट्रॉमने हे १९९० सालीच खोडून काढलंय' असं लिहिणं सोपं असतं, आणि वर्गातले निम्मे जण तेच लिहितात. मुद्दा बरोबर आहे, पण टीका तिची झाली; तुला लेखात काय दिसलं ते कळत नाही. प्रश्न लिहून झाला की स्वतःला विचार, मूळ लेख न वाचता, त्याच्याबद्दल नुसतं ऐकून हा विचारता आला असता का? आला असता, तर परत लेखाकडे जा.

काही प्राध्यापक मुद्दाम फक्त सारांश मागतात, तेव्हा सारांशच द्यायचा; त्यासाठी कोर्सचा सिलॅबस आधी नीट वाच. आणि रिस्पॉन्स आदल्या रात्री द्यायचा असेल तर पहिला मसुदा त्याच्याही आदल्या दिवशी हातात ठेव, कारण तो 'नंतर' ताज्या मसुद्यात दिसत नाही.