लोगोच्या उसळीचं निवेदन कसं लिहावं?

प्रश्न: नवशिक्यांसाठी DaVinci Resolve च्या फुकट आवृत्तीत उसळणाऱ्या लोगोच्या इन्ट्रोचा व्हिडिओ करतोय. निवेदनात कीफ्रेमचा भाग कसा बोलू?

उत्तर: प्रत्येक कीफ्रेमसाठी आधी वेळ, मग आकडा बोला आणि माउस थांबेपर्यंत गप्प राहा. ३० फ्रेमच्या १०८० उंचीच्या टाइमलाइनवर सुरुवात अशी करा: "प्लेहेड 01:00:00:00 वर न्या. Inspector मध्ये Position Y ला ८०० भरा, शेजारचा हिरा दाबा. लोगो चौकटीच्या वर गेला. आता बारा फ्रेम पुढे जा, Y शून्य करा. कीफ्रेम आपोआप पडेल." पुढचे आकडे: १८ व्या फ्रेमला २००, २४ व्या फ्रेमला ०, २७ ला ५०, ३० ला ०. हे मनाचे नाहीत. उसळीची उंची चौथाई झाली की गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने तिला लागणारा वेळ निम्मा होतो, म्हणून बारानंतर सहा, मग तीन फ्रेम. हे कारण एका वाक्यात सांगाच, म्हणजे बघणारा स्वतःच्या लोगोसाठी आकडे बदलू शकेल.

इथवर लोगो लिफ्टसारखा एकाच वेगाने उतरेल. तो तसाच चालवून दाखवा, मग कर्व्ह उघडा: "वरची टोकं गोल करा, जमिनीवरची टोकदार ठेवा." जमिनीवरचं टोकही गोल केलं तर लोगो आपटण्याआधीच मंदावतो आणि उशीवर पडल्यासारखा दिसतो.

फक्त Shotcut किंवा Kdenlive वापरणाऱ्यांना हे आकडे जसेच्या तसे चालणार नाहीत. तिथे Y वरून खाली मोजतात.