स्क्लेरल लेन्स नुसत्या रिपोर्टवरून मागवू नका

प्रश्न: वय २३, ठाण्याला राहतो. दोन्ही डोळ्यांत केराटोकोनस, डावा जास्त, के रीडिंग ५७. क्रॉसलिंकिंग झालंय. लेन्सवाले म्हणतात, टोपोग्राफीचा रिपोर्ट द्या, स्क्लेरल थेट मागवतो, ट्रायल नको. की आरजीपी घेऊ?

उत्तर:

ट्रायलशिवाय अजिबात मागवू नका. मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्टही नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण "रिपोर्टवरून मागवतो" हे मीही ऐकलंय आणि फार महागात पडलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आरजीपीचं. ही लहान, कडक लेन्स कॉर्नियावरच, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर बसते. केराटोकोनसमध्ये कॉर्निया शंकूसारखा पुढे येतो, त्या फुगवट्याला कोन म्हणतात. तो लहान आणि मध्याजवळ असेल तर आरजीपी छान चालते. मात्र कोनाच्या टोकाला तिचा स्पर्श अगदी हलका हवा, भार बाजूच्या भागावर वाटला गेला पाहिजे. सगळा भार टोकावर आला की घासून व्रण उठतो. कोन खाली ओघळलेला असेल तर लेन्सची खालची कड उचलली जाते आणि पापणी जोरात मिटली की लेन्स बाहेर. शिवाय लोकलच्या दारात धुळीचा एक कण लेन्सखाली गेला की डोळा उघडवत नाही. तुमचा कोन कुठे आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, टोपोग्राफी म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, तो नीट समजावून घ्या.

स्क्लेरल कॉर्नियाला शिवतच नाही, शिवता कामा नये. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि मध्ये सलाइनचा थर राहतो. म्हणून इथे के रीडिंगने, म्हणजे कॉर्नियाच्या वक्रतेच्या आकड्याने, काम भागत नाही. लेन्सला किती उंची हवी हे कळावं लागतं. एकाचा ५७ चा कोन टोकदार आणि लहान असतो, दुसऱ्याचा पसरट आणि ओघळलेला. आकडा एकच, पण लागणारी उंची वेगळी. पांढऱ्या भागाचा उतार तर साध्या टोपोग्राफीत येतच नाही, आणि लेन्स टेकणार तिथेच.

आता माझं काय झालं ते. लेन्स आली, घातली, पंधराएक मिनिटांनी स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. घालताना सलाइनमध्ये फ्लुरोसिनचा रंग मिसळतात, त्यामुळे मधला थर हिरवा दिसतो. लेन्सची जाडी माहीत असते. तिच्याशी तुलना करून थर किती ते ठरवतात. माझा सुमारे १५० मायक्रॉन भरला. "परफेक्ट!"

पण स्क्लेरल दिवसभरात खाली बसते. पांढऱ्या भागावरचा मऊ पडदा दबतो आणि काही तासांत साधारण १०० मायक्रॉन कमी होतात, कुणाकुणाचे त्याहून जास्त. माझी लेन्स संध्याकाळपर्यंत कोनाच्या टोकाला टेकायची. डोळा लाल, आग आग. तक्रार घेऊन गेले की ते लेन्स काढायला लावायचे, पुन्हा घालायचे आणि लगेच तपासायचे. नुकती घातलेली लेन्स उंच दिसणारच! "फिटिंग बरोबर आहे मॅडम, सवय होईल," हे किती वेळा ऐकलं. त्या काळात टोकावर पडलेला पुसट डाग आजही आहे. मला राग आहे तो याचा, की लेन्स न काढता संध्याकाळी या, एवढं सांगायला काहीच लागत नव्हतं.

दुसरीकडे नेमकं तेच सांगितलं. ऑफिसातून थेट गेले, लेन्स डोळ्यातच. ओसीटीच्या, म्हणजे डोळ्याचा छेद दाखवणाऱ्या तपासणीच्या चित्रात कोनाचं टोक लेन्सला चिकटलेलं स्पष्ट दिसलं. मग ट्रायल सेटमधली २०० मायक्रॉन जास्त उंचीची लेन्स घालून मला काही तास बसवलं, त्यानंतर पुन्हा ओसीटी आणि मगच नंबर तपासला. थर पुरेसा उरला. म्हणून उंची वाढवतच न्यायची असंही नाही. थर फार जाड झाला की कॉर्नियाला ऑक्सिजन कमी पडतो.

तेव्हा लेन्सवाल्यांना एवढंच विचारा: लेन्स बसल्यावर, चार-पाच तासांनी, न काढता तपासणार का? त्याच वेळी कडेखालच्या रक्तवाहिन्या दाबून पांढऱ्या पडल्यात का तेही पाहायला सांगा. पडल्या असतील तर कड बदलावी लागते, बऱ्याचदा दोन दिशांना वेगळा उतार द्यावा लागतो.

दुपारी धूसर दिसायला लागलं तर लेन्स काढून ताजं सलाइन भरून घाला. लगेच स्वच्छ दिसलं तर थरात गढूळपणा साचला होता, हे बऱ्याच जणांना होतं. पण लेन्स काढल्यावरही धुरकट दिसत असेल, दिव्यांभोवती इंद्रधनुष्य दिसत असेल, तर कॉर्निया सुजलेला असू शकतो. लेन्स न घालता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

भरायला प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं ०.९ टक्क्याचं सलाइनच वापरा, लेन्स धुवायचं सोल्यूशन नाही. नळाचं पाणी तर लेन्सला लागूच देऊ नका, पाण्यातल्या अकँथअमीबा या सूक्ष्म जीवाचा संसर्ग फार वाईट असतो. आणि काढताना सक्शन कप मधोमध लावू नका, कडेजवळ लावून कड उचला; मधोमध ओढलं तर लेन्स डोळ्याला अजून घट्ट धरते.