आधी कर्ता शोधा, मग पर्याय बघा

इंग्रजीत कर्त्याला जुळणारं क्रियापद निवडायच्या प्रश्नांसाठी पहिल्यांदाच मुलीचा अभ्यास घेताय, तर एवढंच करा: प्रश्न वाचताना चारही पर्याय हाताने झाका. आधी कर्ता शोधायचा. पर्याय आधी दिसले की मुलं कानाला बरं वाटेल ते निवडतात.

सगळ्यात जास्त फसवणारा प्रश्न असा असतो: ‘द बॉक्स ऑफ पेन्सिल्स ___ ऑन द टेबल.’ पर्याय: ॲम, आर, इज, हॅव. रिकाम्या जागेला चिकटून ‘पेन्सिल्स’ आहे, म्हणून मुलं ‘आर’वर खूण करतात. तिला विचारा, टेबलावर काय आहे? बॉक्स. मग ‘ऑफ पेन्सिल्स’ पेन्सिलीने कंसात टाकायला सांगा आणि ‘बॉक्स’च्या जागी ‘इट’ ठेवा. आता एकेक पर्याय लावून बघा. ‘इट ॲम’ नाही, ‘ॲम’ फक्त ‘आय’सोबत. ‘इट आर’ नाही, ‘इट हॅव’ही नाही. उरलं ‘इज’. कर्त्याच्या जागी ही, शी, इट किंवा दे ठेवण्याची ही युक्ती बहुतेक प्रश्नांना पुरते.

सुरुवातीच्या दोन चुका मात्र वेगळ्या सांगतो:

- ‘माय ब्रदर्स प्लेज’. नामाला एस आहे म्हणून क्रियापदालाही लावतात. ‘ब्रदर्स’ म्हणजे ‘दे’, म्हणून ‘प्ले’.
- ‘डझ शी ___ क्रिकेट?’ इथे ‘शी’ बघून ‘प्लेज’ निवडतात. पण कर्त्याशी जुळायचं काम ‘डझ’ने आधीच केलंय, म्हणून मूळ रूप ‘प्ले’.

‘यस्टरडे’, ‘नाऊ’ असे काळ दाखवणारे शब्द असलेले प्रश्न हे पक्कं झाल्यावर घ्या.