मार्गदर्शक शोधताय? आधी प्रश्न नीट घडवा

क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या नावामागे लागू नका. तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षं पुढे असलेला माणूस गाठा. पहिला दर कसा ठरवला, पगारवाढ कशी मागितली, हे त्याला अजून आठवत असतं. थेट वरिष्ठ मात्र नको. तुमचा पगार त्याच्याच हातात, मग तो मोकळेपणाने कसा बोलणार?

पहिल्याच निरोपात "माझे मार्गदर्शक व्हाल का?" असं विचारलं की समोरचा बिचकतो. वीस मिनिटं मागा आणि एकच नेमका प्रश्न आधी लिहून पाठवा.

"कमाई कशी वाढवू?" याला उत्तर येतं, "मेहनत कर." समजा, तुम्ही लोगो करून देणारे डिझायनर आहात. मग ग्राहकाला पाठवलेलं कोटेशनच समोर ठेवा आणि विचारा, "यात मी कोणतं काम फुकट देतोय?" अनुभवी नजर लगेच बोट ठेवेल: दुरुस्त्या किती वेळा ते लिहिलेलंच नाही, मूळ फाइल्सचे वेगळे पैसे नाहीत, आगाऊ रकमेचा पत्ता नाही. दर तोच ठेवूनही हातात जास्त उरतं ते अशाने.

आणखी दोन प्रश्न हाताशी ठेवा:

- माझ्याहून जास्त घेणाऱ्यांना असं काय येतं, जे मला येत नाही?
- तुम्ही कोणती कामं घेणं बंद केलंत, आणि का?

त्यांचा स्वतःचा पगार विचारू नका, "एवढ्या अनुभवाला साधारण किती मिळतात?" हे चालतं. सल्ला वापरून पाहिलात की काय झालं ते दोन ओळींत कळवा. बहुतेक जण कळवत नाहीत, आणि मग दुसऱ्या भेटीसाठी फोन करायलाही संकोचतात.