गर्भपिशवी काढल्यानंतर ओटीपोटात काय जाणवते

ताई, गर्भपिशवी आणि तिचे तोंड काढल्यावर योनीमार्गाचे वरचे टोक आतून टाके घालून शिवलेले असते, आणि पहिल्या काही आठवड्यांत जाणवणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्या शिवणीशी जोडलेल्या असतात. उठता-बसताना ओढ लागणे, संध्याकाळपर्यंत ओटीपोट जड होणे, लघवी भरली की खाली दाब जाणवणे हे अपेक्षितच आहे; मात्र ते आठवड्यागणिक कमी होत गेले पाहिजे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतले टाके विरघळू लागतात. तेव्हा थांबलेला तपकिरी किंवा गुलाबी स्राव पुन्हा दिसतो, क्वचित दोऱ्याचा बारीक तुकडाही पॅडवर येतो, आणि बायका नेमक्या इथेच घाबरतात. डाग थोडेच असतील आणि विश्रांतीने कमी होत असतील, तर पुढच्या तपासणीत सांगितले तरी चालते.

परंतु तासाभरात पॅड भिजवणारे लाल रक्त, दुर्गंधी असलेला स्राव, 38 अंश सेल्सिअस (100.4 फॅरनहाइट) किंवा अधिक ताप, वाढत जाणारी वेदना, लघवी अडकणे, योनीमार्गातून सतत पाण्यासारखे गळणे, एका पोटरीला सूज किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. खोकताना किंवा शरीरसंबंधानंतर एकाएकी काही सुटल्यासारखे वाटून खाली गोळा आला, तर शिवण उसवलेली असू शकते; तो आत ढकलू नका, स्वच्छ ओल्या कापडाने झाका, काही खाऊ-पिऊ नका आणि आडवे राहूनच तातडीने रुग्णवाहिका बोलवा.